शिलालेखाभोवतीचा चौकोन

मोताळ्याजवळच्या आमच्या गावातील शिवमंदिर राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत यावे, असा ग्रामसभेने ठराव केला. अर्जासोबतचे समर्थनपत्र लिहिणे, निवृत्त शिक्षक म्हणून, माझ्याकडे आले. महसुली उतारे, मोजमापांचा नकाशा, छायाचित्रे जमली. मुख्य पुरावा मात्र दारावरचा शिलालेख. ‘निरंतर वापर’ या मुद्द्याखाली मी एकच वाक्य लिहिले होते: पूजा नियमित होते.

अधिकारी पाहणीला येणार म्हणून मंदिर समितीने भिंतींना ऑइलपेंट द्यायचे ठरवले. त्या सकाळी रंगारी पायरीवर एकटेच स्वस्थ बसलेले दिसले. कानामागे विडी, समोर बंद डबा.

“काऊन रे बा, डबा उघड ना!” समितीचे अध्यक्ष ओरडले.

“भाऊ, चुना खरवडला का निघते. हा रंग दगडात मुरते, अक्षरं बुजतीन.”

“मंग तुह्या चुन्यात नाही बुजत?”

“दरसाल यात्रेआधी आजा चुना देये, मंग बाप, आता मी. लेखाभोवती चौकोन सोडाचा, हे ठरेल हाये.”

“तुले वाचता येते का ते?”

“तुमाले येते का?”

सारे हसले, अध्यक्षही. डबा परत गेला आणि पत्रातले माझे वाक्यही बदलले. तीन पिढ्या चुना देतात आणि लेख उघडा ठेवतात, असे मी लिहिले. पुरावा आणि वापर, दोन्ही त्यात आले. ते रंगाऱ्यांना वाचून दाखवत मी पत्रात घालायला त्यांचे पूर्ण नाव विचारले.

“नाव राहू द्या, मास्तर,” ते चुना कालवत म्हणाले. “चौकोन सोडतेत एवढं लिहा. मंग माह्यामागं जो येईन, त्याले सोडाच लागन.”