दुधात वाळवलेला जिवाणू

आमच्या कारखान्याचा जीव एका उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये होता. तारापूर एमआयडीसीत बाहेरून पाहाल तर टाक्या, पाइप, वाफ आणि तो कायमचा आंबूस वास; पण हे सगळं ज्याच्या जोरावर चालायचं तो जिवाणू प्लास्टिकच्या करंगळीएवढ्या कुप्यांमध्ये गोठून पडलेला असायचा. चरबी फोडणारं एक एन्झाइम तो तयार करायचा. आम्ही त्याला टाक्यांमध्ये वाढवून ते काढायचो आणि साबणवाल्यांना, चामडेवाल्यांना विकायचो.

हा जिवाणू आमच्या सरांनी शोधलेला. सर म्हणजे मायक्रोबायॉलॉजीचे प्रमुख, दातिवऱ्याच्या मासेमारी करणाऱ्या घरातले. त्यांच्या आईच्या ओट्याखाली, जिथे बोंबील आणि मांदेली वाळत, तिथल्या तेलकट खारट वाळूतून त्यांनी तो उचलला होता. मी सांगलीकडची. नवरा अणुऊर्जा केंद्रात लागला म्हणून बोईसरला आले आणि सरांच्या हाताखाली पडले. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली. जिवाणू पुन्हा पुन्हा वाढवला की तो बदलत जातो. आज थोडं एन्झाइम कमी, उद्या आणखी थोडं, आणि एक दिवस नावाला तोच, कामाला कुणीतरी भलताच. म्हणून त्याला झोपवायचं. ताज्या वाढीत ग्लिसरॉल मिसळायचं, म्हणजे गोठताना बर्फाच्या सुया पेशी फाडत नाहीत, आणि कुपी फ्रीझरमध्ये. गरज पडली की वरचा बर्फ किंचित खरवडून घ्यायचा आणि कुपी वितळायच्या आत परत ठेवायची. वाढत नाही तोवर बदलत नाही.

मग मालकांनी दक्षिणेत नवा प्लांट बांधला. तिथे जिवाणू रुजला की इथला बंद, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्यांदा कुप्या कोरड्या बर्फात घालून पाठवल्या. पार्सल वाटेत कुठेतरी अडकलं आणि पोचलं तेव्हा आतलं कोमट पाणी झालं होतं. वरच्यांचा बर्फावरचा विश्वास उडाला. आता म्हणे वाळवून पाठवा: गोठवायचं, निर्वातात त्यातला बर्फ थेट वाफ करून काढून घ्यायचा, आणि काचेच्या अँप्युलचं, म्हणजे छोट्या नळीचं, तोंड आगीवर वितळवून बंद करायचं. मग बर्फाची गरज नाही, साध्या कुरियरने जाते.

त्या वेळी सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. मुंबईहून एक साहेब देखरेखीला आले. त्यांना घाई फार. "कुप्या आहेत ना तयार? त्याच वितळवा आणि लावा ड्रायरला." ड्रायर मी पहिल्यांदाच चालवत होते. त्यांनी सांगितलं तसं केलं. अँप्युलमध्ये पांढरी कोरडी वडी यायला हवी होती, आला चिकट, गुळाच्या पाकासारखा थर. वाटेतली ऊब सोसेल का हे पाहायला उबेत ठेवून तपासणी केली तेव्हा जवळपास काहीच उगवलं नाही.

त्या दिवशी प्लांटमध्ये काय आनंद झाला म्हणून सांगू. मोठ्या टाकीवरचा ऑपरेटर शेजारच्या पाम गावचा, नुकतंच घर बांधायला काढलेला. तो लॅबच्या दारात येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, नाय जमत म्हणून लिवून टाका. आमी हाय तोवर तो हितंच ऱ्हाऊ दे." मलाही तेच हवं होतं. मुलगी बारावीला, घराचा अर्धा भार माझ्या पगारावर. साहेबांनीही हात टेकले होते. त्यांच्या अहवालात हा जिवाणू वाळवण्याजोगाच नाही, असं येणार होतं.

सर डोळ्याला काळा चष्मा लावून परतले. ती अँप्युल त्यांनी उजेडात धरली, तिरकी केली आणि साहेबांसमोरच म्हणाले, "ग्लिसरॉल धुतलं नाहीत. ते वाळत नसतं. पेशी धुवून घ्यायला हव्या होत्या. मग साय काढलेलं दूध आणि साखर घालून वाळवायचं."

मी त्या वेळी त्यांच्याशी जे भांडले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. साहेब गेल्यावर दार लावून घेतलं आणि म्हटलं, "तुमच्या निवृत्तीला आता दोनच वर्षं राहिलीत. आमचं काय? तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

सर खुर्चीत बसले. इतकी वर्षं माझ्याशी शुद्ध बोलणारा माणूस, गावच्या बोलीत म्हणाला, "कंपनीला जायचं तर ती आज ना उद्या जाईलच गो. मग लाइट कापतील, फ्रीजर बंद. हा मेला असता. मला नाय ते बघवत."

"आणि माणसं मेली तर बघवतं?" मी विचारलं. त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि कीव येते याचाही राग आला होता. तरी धुवायला मीच बसले. पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून खाली बसवल्या, वरचं पाणी ओतलं, पुन्हा धुतल्या, दुधात कालवल्या. या वेळी अँप्युलमध्ये स्वच्छ पांढरी, हलकी वडी आली. उबेतल्या तपासणीतून ती सहज पार पडली. चरबी घातलेल्या प्लेटवर उगवलेल्या ठिपक्याठिपक्याभोवती, एन्झाइमने चरबी फोडली तिथे, पारदर्शक कडी उमटली, पहिल्यापासून असायची तेवढीच मोठी. सरांनी फुटपट्टी लावून ती मोजली आणि घरी गेले.

अँप्युल गेल्या. आठवडाभराने नव्या प्लांटमधल्या मुलीचा फोन आला. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली असावी, आवाजात भीती होती. "मॅडम, अँप्युल फोडली, वाढीचं माध्यम घातलं, फ्लास्क रात्रभर हलत ठेवला. सकाळी पाणी नुसतं नितळ आहे, काही वाढलेलंच नाही. इथले सर म्हणतात, मेलंय, फेकून दे आणि रिपोर्ट पाठव. फेकू का?"

समोर काचेपलीकडे पामचा ऑपरेटर टाकीचा व्हॉल्व्ह फिरवत होता. "फेक" एवढंच म्हणायचं होतं. खोटं म्हणून कुणी पकडलं नसतं. इथे आणखी वर्षभर, कदाचित दोन वर्षं चूल पेटली असती. मला त्या मुलीचा भयंकर राग आला, की हिने मलाच का विचारावं.

आणि माझ्या डोळ्यांसमोर तो नितळ फ्लास्क आला. तळाशी कुठेतरी दुधात वाळलेला, नुकता पाणी प्यायलेला, अजून जागा न झालेला.

"फेकू नकोस," मी म्हटलं. "वाळवलेला उशिरा उठतो. उद्या संध्याकाळपर्यंत थांब."

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. सरांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तिचा मेसेज आला: फ्लास्क गढूळ झालाय. मागाहून प्लेटचे फोटो आले, कडी तेवढीच.

महिन्याच्या आत गेटवर प्लांट बंद होत असल्याची नोटीस लागली. हिशेब घ्यायला सगळे रांगेत उभे होते. पामचा ऑपरेटर रांग सोडून लॅबमध्ये माझ्याकडे आला.

"मॅडम, तिकडं जगला ना तो?"

"जगला."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याने खिशातून आपल्या लॉकरची किल्ली काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला.