रिव्हर्स येणारं स्वप्न

लोकांना स्वप्नात भुतं दिसतात, साप दिसतात. मला बस दिसायची, तीही मागून. सांगायला लाज वाटावी इतकं साधं स्वप्न. मी एसटीत कंडक्टर. अमरावतीहून धारणीला जाणारी आमची गाडी मेळघाटातल्या घाटात रिव्हर्स येते आहे. मी तिच्या मागे उभी आहे, माझ्या पाठीशी दरी, आणि तोंडातली शिट्टी वाजत नाही. गाल दुखेपर्यंत फुंकते, नुसती हवा निघते. मागच्या काचेतून प्रवासी माझ्याकडे बघत राहतात आणि बस येतच राहते. इथे मी ओरडून उठायचे.

आठवड्यातून चार-पाच वेळा हा कार्यक्रम व्हायचा. सुरुवातीला नवरा घाबरून उठायचा, पाणी द्यायचा. पुढे पुढे तो कूसही न बदलता विचारू लागला, "काय झालं वं? पुन्हा गाडी?"

खरं म्हणजे घडलं काहीच नव्हतं. घाटात समोरून लाकडांचा ट्रक आला आणि आम्हाला गाडी मागे घ्यावी लागली. अशा वेळी कंडक्टरनं खाली उतरून ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. छोट्या शिट्ट्या म्हणजे येऊ द्या, लांब शिट्टी म्हणजे थांबा. त्या दिवशी कडेची माती खचली, मागचं चाक हातभर घसरलं आणि गाडी थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका आजीच्या पिशवीतली अंडी तेवढी फुटली.

मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट अशी की लांब शिट्टी मी दिलीच नव्हती. माती खचताना पाहिली आणि बाजूला उडी मारली. चाळीस माणसं गाडीत, आणि कंडक्टरबाई स्वतःचा जीव घेऊन झुडपात! डेपोत मात्र सगळे म्हणाले, बाईंनी वेळेवर शिट्टी दिली म्हणून वाचले. माझ्या नावानं पेढेसुद्धा आले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यात पेढा गेला. दोन खाल्ले.

त्यानंतर मी काहीबाही कारणं सांगून सपाट रस्त्याची ड्युटी मागून घेतली. झोपायची भीती वाटायची म्हणून जागी राहायचे आणि दिवसा उभ्या उभ्या पेंगायचे. दीड वर्षानंतर डेपोच्या साहेबांनी बोलावून स्पष्ट सांगितलं, दोन महिन्यांनी धारणीची गाडी घ्या, नाहीतर कायमचं टेबलावर बसा. मी घरात जेवायलाही धड एका जागी बसत नाही. फिरती ड्युटी गेली तर माझं काही उरणार नाही, एवढं मला पक्कं कळत होतं.

म्हणून मी अकोल्याच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरकडे गेले. अकोल्याला अशासाठी, की अमरावतीत ओळखीचं कुणी भेटेल. ही माझी अक्कल! अकोल्याला जायचं बसनं, आणि बसमधला प्रत्येक कंडक्टर माझ्या ओळखीचा. "कुठं चालल्या बाई?" त्या दिवशीच्या कंडक्टरनं भर गाडीत विचारलं. मी म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे. आठ दिवसांत सगळा डेपो मला लवंगा आणून देऊ लागला.

डॉक्टरांनी तपासलं आणि तिथल्याच मानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. मी तिला स्वप्न सांगितलं, आणि का कोण जाणे, उडीचंही सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "ताई, तेच तेच स्वप्न येत राहिलं की मेंदूला त्याची सवय लागते. पाठ झालेला धडा तो म्हणून दाखवतो. आपण जागेपणी त्याला दुसरा धडा पाठ करायला लावू. स्वप्न एकदा कागदावर लिहा, मग तुम्हाला हवं तसं बदला. रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून फक्त बदललेलंच बघायचं. जुनं घोकायचं नाही. आणि त्रास वाढला तर थांबा, मला सांगा."

मला वाटलं, हे तर फारच सोपं आहे. आठवड्यानं मी सात पानं लिहून नेली. नव्या स्वप्नात शिट्टी वाजते, गाडी थांबते. मग मी प्रवाशांची मागून येणाऱ्या गाडीत सोय करते, सगळ्यांची नावं उतरवून घेते, डेपोला फोन लावते, जबाब देते आणि शेवटी साहेबांपुढे उभी राहते. साहेब विचारतात, गाडी कडेला गेलीच कशी? रोज एवढं सगळं डोळ्यांपुढे आणायला पाऊण तास लागायचा आणि मला दरदरून घाम फुटायचा.

ती वाचता वाचता थांबली. "ताई, हे स्वप्न नाही, रिपोर्ट आहे. एक भीती काढून तुम्ही दुसरी घातली."

"मग नियमानं नको का?"

"स्वप्नाला डेपो मॅनेजर नसतो. तुम्हाला काय व्हावंसं वाटतं ते लिहा. खोटं चालेल, वेडगळ चालेल."

मी तिथेच बसून पाच ओळी लिहिल्या. गाडी मागे येते. मी तळहात तिच्या पाठीवर ठेवते, गोठ्यातल्या म्हशीला थोपटावं तसा. पत्रा उन्हानं गरम आहे. गाडी थांबते. सगळे खाली उतरतात आणि वरूडची एक बाई टोपल्यातली संत्री वाटते. लिहून झाल्यावर मलाच हसू आलं. कागद मात्र मी दिला नाही, पर्समध्ये ठेवला.

मग रोज दुपारी तीन वाजता डेपोच्या विश्रांतीगृहात, बाकावर डोळे मिटून, एका हातानं हवेत बस थांबवत मी बसायचे. लोकांना वाटायचं, दातदुखी डोक्यात गेली. पहिल्या दोन आठवड्यांत फरक शून्य. तिसऱ्यात स्वप्न दोनदाच आलं. संत्री, म्हैस असलं त्यात काही नव्हतं. तीच दरी, तीच गाडी, पण गाडी कुठेतरी लांबच राहिली, आणि मी न ओरडता जागी झाले. नवऱ्यानं सकाळी उठून विचारलं, "काल गाडी रद्द होती का?" दुसरा महिना संपेपर्यंत ते पंधरा दिवसांतून एखाद वेळी, तेही उगीच तोंड दाखवल्यासारखं येत होतं. मला झोप मिळू लागली. मी धारणीची गाडी घेतली.

ड्रायव्हर तेच, माती खचली त्या दिवशीचे भाऊ. घाटात तिसऱ्याच दिवशी समोर ट्रक उभा राहिला. मी उतरले. बाजूची झुडपं आधी बघून ठेवली, खोटं कशाला बोलू. पण आरशात दिसेल अशी उभी राहिले आणि शिट्टी वाजवली. छोट्या, छोट्या, मग लांब. गाडी जागेवर थांबली. ट्रक निघून गेला.

पुढे चहाला थांबलो तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी शिट्टी दिलीच नव्हती. मी उडी मारली होती."

भाऊंनी बशीतला चहा संपवला. "मले मालूम आहे."

"तुम्हाला कसं मालूम?"

"तुमी आरशातून गायब झाल्या, म्हणून तं मी ब्रेक दाबला. कंडक्टर दिसला नाही का गाडी जागीच थांबवा लागते. तुमाले शिकवलं नाही काय?"

शिकवलं होतं. कामावर लागले त्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ज्या उडीसाठी दीड वर्ष मी स्वतःला शिव्या घालत होते, त्या उडीनंच गाडी थांबली होती. सगळ्या प्रवाशांसमोर मला हुंदका फुटला, आणि धारणीची गाडी त्या दिवशी दहा मिनिटं उशिरा सुटली.