बाबांची जर्मन

मोताळ्यात जर्मन शिकणारा मी एकटाच होतो. जर्मनीत शिकून आलेल्या डॉक्टरांनी बाजाराजवळ दवाखाना काढला होता. तिकडच्या एका विद्यालयात कापसाच्या यंत्रांचं शिकायला त्यांनी माझी सोय लावून दिली होती. भाषा तेवढी यायला हवी होती. म्हणून रोज सकाळी, रोगी यायच्या आधी, मी त्यांच्यासमोर बसायचो.

त्या आठवड्यात मिश्र क्रियापदं चालू होती. विचार करणं म्हणजे डेंकन, डाख्टे, गेडाख्ट. आणणं म्हणजे ब्रिंगन, ब्राख्टे, गेब्राख्ट. स्वर बदलायचा, पण शेपूट साध्या क्रियापदांचंच. डॉक्टरांनी बाबांवर वाक्य कर म्हटल्यावर मी ‘विसन’, म्हणजे माहीत असणं, वापरलं. आमच्याकडे माणूसही ‘माहीत’ असतो ना! डॉक्टर वैतागले. “विसन गोष्टीला. माणसाला केनन. ओळखणं वेगळं.” मला हा काथ्याकूट वाटला.

त्याच आठवड्यात बाबा गेले. मला रडू आलं नाही. कुणी जेव म्हटलं की जेवायचो.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. काकांनी शेत सांभाळायचा शब्द दिला, मामांनी बहिणीच्या लग्नाचा. कावळे झाडावरून हलेनात. ऊन चढलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. “बापाच्या मनात काय होतं, तुले तं माहीत असन,” मामा म्हणाले. बाबांचं वय, चपलेचं माप, बिनसाखरेचा चहा, सगळं मला माहीत होतं. मनातलं सुचेना.

“तुह्यं जर्मनीचंच अडून राह्यलं,” काका म्हणाले. “नाही जात म्हण ना बे.”

मी म्हटलं. थोड्या वेळानं एक कावळा उतरला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. दिलेला शब्द मोडायचा नसतो.

तेरावं झाल्यावर डॉक्टरांना सांगायला गेलो. त्यांनी स्टेथोस्कोप गुंडाळून ठेवला.

“तुझे वडील दर बाजाराच्या दिवशी इथं यायचे. तू काय शिकलास ते विचारायचे आणि तेवढं स्वतः शिकायचे. तुला सांगू नका म्हणायचे. ‘पोरगा तिकून आला की मी त्याच्यासंग त्याच्या भाषेत बोलतो, हासन लेकाचा.’ शेवटच्या बाजाराला ब्राख्टे छान म्हणाले. केननचा भूतकाळ मात्र प्रत्येक वेळी केन्टे.”

“कान्टे,” मी म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं.

बाहेर रोगी जमले होते. मी उठलो, दारात थांबलो आणि अख्खं वाक्य केलं. “इख कान्टे इन निख्ट.” मी त्यांना ओळखत नव्हतो.

डॉक्टरांनी काहीही सुधारलं नाही.