न चाखणारी स्वयंपाकीण

माझी नात विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात बँक्वेटच्या किचनमध्ये काम करते. तिला जहाजावर जायचं होतं. पर्यटकांची ती तरंगती शहरं असतात ना, त्यांच्यावर. भरती करणाऱ्या एजंटने सांगितलं होतं, "रेझ्युमे दोन पानांचा. कुठली क्युझीन येतात, किती कव्हर्स केलेत आणि हायजीन. बाकी कविता नको."

कव्हर म्हणजे एका माणसाचं जेवण, हे मला तेव्हाच कळलं. तोवर मी पांघरुणाचा विचार करत होते.

ड्यूटीवर निघताना नात म्हणाली, "आजी, इंग्लिश जरा बघ ना. संध्याकाळी एजंटला पाठवायचंय." बघ म्हणाली. पण मी केंद्र सरकारच्या एका खात्यात सगळी नोकरी टायपिस्ट म्हणून केलेली बाई. आमच्याकडे 'बघणे' याचा अर्थ 'सुधारणे' असा होतो. दिल्लीत द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला आणि बाह्या सरसावल्या.

तिने लिहिलं होतं, 'सातशे कव्हर्सपर्यंतच्या बँक्वेटमध्ये सूप आणि सॉसचा विभाग, दोघांत मिळून.' मी केलं, 'सातशे लोकांचा स्वयंपाक समर्थपणे सांभाळला.' ती घरी आली, वाचलं आणि किंचाळलीच.

"यार आजी, मी एकटीने सांभाळला? सोळा जण असतो आम्ही!"

"अगं, जाहिरात करावी लागते माणसाला."

"शेफ पहिला प्रश्न हाच विचारतो, तुझा हात कशाला लागला? पकडतात ना लगेच."

तिने ओळ पूर्ववत केली. मी 'चायनीज, इटालियन, मेक्सिकन' लिहिलं होतं, त्यातलं मेक्सिकनही उडवलं. "मी आयुष्यात टॉर्टिया लाटलेला नाही."

"पोळ्या लाटतेस की."

"आजी!"

तेवढ्यात एजंटचा फोन आला, फाइल लगेच पाहिजे. तिने पाठवून दिली. हायजीनच्या भागाकडे तिने पाहिलं नाही, कारण तो तिने स्वतःच नीट लिहिला होता. कच्चं मांस आणि भाजी यांचे वेगळ्या रंगांचे बोर्ड, फ्रिजच्या तापमानाची नोंद, फूड सेफ्टीचं सर्टिफिकेट. त्याच्या खाली मी मोठ्या अभिमानाने एक ओळ जोडली होती. 'अन्न शिजवताना ते कधीही चाखत नाही.'

आता ही ओळ कुठून आली, ते सांगायला हवं. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी माझ्या माहितीपत्रकात 'स्वयंपाकात निपुण' असं लिहिलं होतं. निपुण! मला चहासुद्धा मोजून तीन प्रकारे बिघडवता यायचा. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवी नवरी म्हणून आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नैवेद्याआधी काही चाखायचं नाही. उष्टं होतं." मला काय, बरंच झालं. आपण केलेलं आपल्यालाच खावं लागू नये, याहून मोठं सुख नव्हतं.

एका रविवारी ह्यांचे साहेब जेवायला आले. आमटीत मीठ मी घातलं होतं आणि माझ्यावर भरवसा नसल्याने सासूबाईंनीही घातलं होतं. चाखायचं दोघींनाही नव्हतं. साहेबांनी एक घास घेतला, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "वेगळीच चव आहे." मी निपुण बावळट कित्येक महिने ती शाबासकी समजून मिरवत होते! पुढे हात बसला, पण नियम सुटला नाही. नातीलाही मी तोच शिकवला आणि माझ्या मते स्वच्छतेचा यापेक्षा मोठा दाखला जगात नव्हता.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. नात त्याच डायनिंग टेबलाशी, पांढरा कोट घालून. मला सोफ्यावर कॅमेऱ्याबाहेर बसवलं होतं. "खोकायचं नाही, उठायचं नाही आणि प्लीज, सुचवायचं नाही."

पडद्यावर कंपनीचे मुख्य शेफ. रुंद चेहरा, हसण्याची सवय नसलेला. इंग्रजी सावकाश बोलत होते. आधी दोन-तीन प्रश्न सरळ गेले. मग ते थांबले. समोरचा कागद वाचत होते.

"तुम्ही अन्न कधीही चाखत नाही?"

नातीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण टेबलाखाली तिची पावलं एकमेकांवर चढली. ती मला दिसत होती. काय बिघडलं, ते मला अजून नीट कळलंही नव्हतं.

"न चाखता सॉस बाहेर पाठवणारा माणूस माझ्या किचनमध्ये मी उभा करत नाही," शेफ म्हणाले. "हे खरं आहे का?"

'आजीने लिहिलं' म्हणाली असती तर सुटली असती? की ज्या मुलीचा रेझ्युमे आजी लिहिते, तिला समुद्रावर कोण नेणार? मी तोंडावर पदर धरला. वरून एक विमान गेलं आणि खिडकीची काच थरथरली.

"नाही सर, खोटं आहे," नात म्हणाली. "आमच्या घरी देवाला दाखवण्याआधी चाखत नाहीत. तिथला नियम या कागदावर आला. कामावर मी प्रत्येक बॅच चाखते. दर वेळी स्वच्छ चमचा, एकदाच तोंडाला, मग तो धुण्यात. पाठवण्याआधी ही ओळ मी वाचली नाही, ही चूक माझी."

"मग या कागदावर आणखी काय खोटं आहे?"

"काही नाही. विचारा."

त्यांनी विचारलंच. एकेका ओळीवर बोट ठेवून. सातशेमध्ये तुमचं काय? सूप आणि दोन सॉस, सोबत एक सहकारी. इटालियन म्हणजे काय काय? तिने मोजकेच पदार्थ सांगितले, पुढचं येत नाही म्हणाली. मेक्सिकन राहिलं असतं तर!

"बँक्वेट संपलं. किचनमध्ये सूपचं मोठं पातेलं गरमच उरलंय. काय करता?"

"पातेल्यात ठेवत नाही. उथळ ट्रेमध्ये ओतून खाली बर्फ. दोन तासांत एकवीस अंशांपर्यंत उतरायला हवं, पुढच्या चार तासांत पाचापर्यंत. वेळ आणि तापमान लिहून ठेवायचं. वेळेत उतरलं नाही तर फेकायचं."

"आणि बुफेवर राहिलेलं?"

"ते सरळ फेकायचं."

मी रात्रीचं वरण पातेल्यातच ओट्यावर झाकून ठेवणारी. मान खाली घातली.

शेफनी काहीतरी लिहिलं. "एजंट कळवेल," म्हणाले आणि पडदा काळा झाला.

नात वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आजी," ती हळूच म्हणाली, "तू माझ्यासाठी चांगलंच लिहिलं होतंस ना?"

"हो गं."

"तेच तर. मग ओरडू कशी?"

तिसऱ्या दिवशी दुपारी एजंटचा फोन आला. तिने स्पीकरवर ठेवला. "सिलेक्शन झालंय. मेडिकलची तारीख पाठवतो. और मॅडम, वो चखने वाली लाइन हटा के भेजिए, शेफने खास सांगितलंय."

तिने माझ्याकडे लॅपटॉप सरकवला. "तूच खोड."

मी खोडली. मग देवाला गोड दाखवायचं म्हणून शिरा करायला उठले आणि जेवणासाठी आमटीही टाकली. नात मागून आली. ओट्यावर एक स्वच्छ चमचा ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"देवाआधी?" मी म्हटलं.

"जहाजावर नेणार नाहीत तुला, असंच केलंस तर."

मी देवघराकडे बघितलं, मनातल्या मनात सासूबाईंचीही माफी मागितली आणि आमटी चाखली.

मीठ कमी होतं. एवढी वर्षं देव काहीच बोलला नव्हता.