दुसऱ्यांच्या फायलींवर आमचं नाव

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात दर जानेवारीत प्रत्येक फाइलच्या डोक्यावरच्या कॉपीराइट ओळीतलं शेवटचं वर्ष बदललं जाई. त्या वर्षी काम माझ्या शेजारच्या सहकारी बाईंकडे होतं. त्या कंत्राटी होत्या. कंत्राट महिनाअखेरीस संपणार होतं आणि ते वाढवायचं की नाही, हे मॅनेजर ठरवणार होता.

हे काम आपोआप करणारी बाईंची स्क्रिप्ट फक्त आमच्या कंपनीचं नाव असलेल्या ओळीला हात लावी. बाहेरून जशाच्या तशा आणून ठेवलेल्या लायब्रऱ्यांचे, म्हणजे तयार कोडचे, फोल्डर ती वगळत असे. तो कोड दुसऱ्यांचा होता. मूळ मालकाची ओळ न बदलता ठेवायची, या अटीवरच तो आम्हाला वापरायला मिळाला होता.

अडचण तपासणीत होती. बिल्डमधल्या, म्हणजे सगळा कोड एकत्र जोडताना आपोआप होणाऱ्या, तपासणीला हे फोल्डर वगळायला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला सगळीकडे चालू वर्ष आणि आमचं नाव हवं होतं, म्हणून बिल्ड लाल झाला, म्हणजे नापास.

"तपासणीतही वगळू या, सर. एका ओळीचं काम हाय," बाई म्हणाल्या.

"तपासणी क्लायंटला दाखवलीय. तिला हात नाही लावायचा. स्क्रिप्ट सगळीकडे चालवा."

"सर, हे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवल्यागत हाय."

"झालं, मॅडमची शेती सुरू!" मॅनेजर हसला. दोघे-तिघे त्याच्याबरोबर हसले. "आज हिरवं पाहिजे मला."

बाईंनी वगळणी काढली. स्क्रिप्टने बाहेरच्या फायलींतली मूळ ओळ पुसून आमची टाकली. बिल्ड हिरवा झाला.

पुढच्या आठवड्यात क्लायंटने लायसन्स तपासले आणि दुसऱ्यांच्या कोडवर आमची मालकी कशी, असं कॉलवर विचारलं.

"आमच्या इंजिनिअरची नजरचूक," मॅनेजर म्हणाला. आवाजात जराही अडखळ नव्हती.

बाईंनी माइक सुरू केला. "नजरचूक नव्हती. मी ते फोल्डर वगळले होते. सरांनी घ्यायला लावले."

क्लायंटने एवढंच विचारलं, दुरुस्ती कधी होईल. बाई म्हणाल्या, आज. त्यांनी ते फोल्डर आधीच्या कमिटमधून, म्हणजे कोडच्या जतन केलेल्या जुन्या नोंदीतून, परत आणले, प्रत्येक लायब्ररी तिच्या मूळ प्रतीशी ताडून पाहिली आणि वगळणी स्क्रिप्टमध्ये व तपासणीत, दोन्हीकडे घातली. काय बिघडलं होतं, तेही कमिटच्या संदेशात स्पष्ट लिहिलं.

महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट वाढलं नाही. कारण विचारायला त्या केबिनमध्ये गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"टीममध्ये बसत न्हाई म्हणं मी." त्यांनी डबा पिशवीत कोंबला. "बसायला काय, खुर्ची होती की!"

त्या गेल्यावर स्क्रिप्ट माझ्याकडे आली. सोपवताना मॅनेजरने बजावलं, "ती वगळणी आहे ना, तिला अजिबात धक्का लावू नका. फार महत्त्वाची आहे."