जाहिरातीतले तिचे हात

बायको रस्सा करताना व्हिडिओ काढायची. ती वारल्यावर मी तिचं व्हिडिओंचं चॅनेल बंद पडू दिलं नाही. मी रांधतो, सून मोबाईल धरते.

शाहूपुरीतल्या एका चटणीवाल्यानं तिच्याकडून एक व्हिडिओ करून घेतलेला. दिलं काय, तर चटणीची दोन पाकिटं. ती गेली तरी तिचे हात त्याच्या जाहिरातीत फिरतच होते.

म्हणून मी त्याच्याच गल्लीतल्या दुसऱ्या, लहान धंद्याच्या चटणीवालीकडं गेलो. सुनेनं एका पानाचं मीडिया किट केलं होतं. त्यात बघणारे किती, कुठले, आणि खाली दर. एका रीलचे तीन हजार. रील जाहिरातीत वापरायचं तर महिन्याला हजार वेगळे. ती शेवटची ओळ मी घालायला लावली.

बाईनं पान वाचलं. "बघणारं एवढंच, मामा?"

"एवढंच. आकडा फुगवला न्हाय, तसा दरबी फुगवला न्हाय."

तिनं एक रील ठरवून टाकलं. तीन महिने दुसऱ्या चटणीचं काम घ्यायचं नाही, हेही लिहून घेतलं आणि त्याचे पैसे वेगळे दिले.

रील आलं आणि आठवड्यात त्या पहिल्या चटणीवाल्याचा फोन. "मामा, आमचंबी करा की. दुप्पट देतो."

"दर सगळ्यास्नी एकच हाय. पर तीन महिनं मी बांधलोय."

"मग नंतर?"

"आधी माझ्या बायकोचा व्हिडिओ जाहिरातीतनं काढा. मग दराचं पान धाडतो."

त्यानं संध्याकाळच्या आत काढला. तिचे हात आता फक्त आमच्याच चॅनेलवर दिसतात. तीन महिने कधीच सरले. पान मी अजून धाडलेलं नाही.