पुडीत काय होतं?

"अठ्ठावन्न वर्षांची स्त्री. डिजॉक्सिन आणि क्लोरोथायाझाइड घेत आहे." परीक्षेच्या पेपरातलं हे वाक्य आजही समोर आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घेत आहे म्हणे! आमच्या पनवेलला कोणती बाई असं सांगायची? औषधाचं नाव पेशंटला कळू द्यायचंच नाही, हा तिथल्या दवाखान्यांचा शिरस्ता. कंपाउंडर खलात गोळ्या कुटायचा, कागदाच्या पुड्या बांधायचा, सकाळी एक आणि दुपारी एक. नाव कळलं तर माणूस उद्या परस्पर दुकानातून घेईल, मग डॉक्टरकडे कशाला येईल?

मी तेव्हा मुंबईला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. साठ-पासष्टच्या मधली गोष्ट. आमच्या फार्माकॉलॉजीच्या प्रोफेसरांनी तेव्हा नवीनच पद्धत सुरू केली होती. 'टीप लिहा' छापाचे प्रश्न बंद. चार ओळींत पेशंट द्यायचा, त्याची औषधं द्यायची आणि विचारायचं, दोन औषधांचं एकमेकांशी काय बिनसलं? मला ते प्रश्न फार आवडायचे. वर्गात सगळ्यांच्या आधी माझा हात वर. एवढी शहाणी होते मी!

मला डॉक्टर करायचं हे आत्याने ठरवलेलं. ती विधवा होऊन आमच्याकडे आली ती कायमची. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. "मुलगी शिकून काय दिवे लावणार?" असं वडील म्हणाले तेव्हा ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांनी फॉर्मवर सही केली.

त्या वर्षी आत्याचं हृदय थकलं. मुंबईच्या हॉस्पिटलात दाखवलं, त्यांनी डिजॉक्सिन सुरू केलं. रोज एक गोळी. ती बाटली मी स्वतः तिच्या फडताळात ठेवली होती. पुढे पायावर सूज राहिली म्हणून आमच्या घरच्या डॉक्टरकाकांनी पुड्या दिल्या. सूज उतरली. तिला चपला घालता यायला लागल्या, घरात आनंदीआनंद.

टर्मिनल परीक्षा सोमवारी होती. आदल्या शनिवारी मी घरी आले तर आत्या पलंगावर. पंधरा दिवस अन्नावर वासना नाही, ओकाऱ्या येतायत, पायांत त्राण नाही.

"अगं, परवापासून सगळं हळदीत बुडवल्यासारखं दिसतंय," ती हसत म्हणाली. "तुझं तोंडसुद्धा पिवळं दिसतंय बघ. लग्नाची हळद लागलेय जशी!"

मी नाडी पाहिली. ठोके जोडीजोडीने पडत होते, मध्येच खंड. डिजॉक्सिन अंगावर उलटलं की नेमकं हेच होतं, हे मला पाठ होतं. पण ते का उलटावं? गोळी तर एकच, तीच.

"आत्या, औषधं कुठली घेतेस?"

"ती हृदयाची गोळी. दुसरं काय?"

"आणि पुड्या?"

"ते कसलं औषध! ते पाणी जायचं."

मी दवाखान्यात गेले. डॉक्टरकाका वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांना विचारलं, "काका, आत्याच्या पुडीत काय असतं?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "का गं? माझी परीक्षा घ्यायला आलीस?"

"नाही काका, तिला उलट्या होतायत म्हणून..."

"पित्त आहे ते. मी देतो औषध. तू आधी पास हो, मग मला शिकव." बाकावर बसलेले पेशंट हसले.

ही वार्ता माझ्याआधी घरी पोचली. वडील संतापले. चारचौघांत त्या माणसाचा पाणउतारा केलास, म्हणाले, आत्ताच्या आत्ता जा आणि माफी माग. आणि मी गेले! अजून तो क्षण आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मान खाली घालून म्हणाले, "काका, चुकलं माझं." त्यांनी मोठ्या मनाने क्षमा केली. वर पथ्य सांगितलं. पुड्या चालू ठेवायच्या, आणि ती शहाळं मागतेय ते अजिबात द्यायचं नाही, पुन्हा सूज येईल. मी रविवारी दुपारी एसटीने मुंबईला परत गेले.

सोमवारी दहाला पेपर हातात पडला. तिसरा प्रश्न वाचला. अठ्ठावन्न वर्षांची स्त्री. हृदयविकारासाठी डिजॉक्सिन, सुजेसाठी क्लोरोथायाझाइड. भूक नाही, उलट्या, पिवळं दिसणं, नाडीत जोडठोके. डिजॉक्सिनचा डोस बदललेला नाही. कारण सांगा. उपचार सांगा.

लघवी वाढवणारं औषध! पाण्याबरोबर शरीरातलं पोटॅशियमही वाहून जातं, आणि ते कमी झालं की तीच रोजची गोळी विष होते. हे मला ठाऊक नव्हतं का? मी ते वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं होतं. पण माझ्या डोक्यातल्या पेशंटला दोन्ही औषधांची नावं एका ओळीत लिहून आणायची सवय होती. पुडीतून येणारा पेशंट मला कोणी शिकवलाच नव्हता.

तेव्हा उठायला हवं होतं. ऑफिसात फोन होता, डॉक्टरकाकांच्या दवाखान्यातही होता. ट्रंक कॉल लागायला तास गेला असता, पण लागला असता. मी उठले नाही. पास हो, मग शिकव, हे डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. मी उत्तर लिहिलं. मग चौथा प्रश्न, पाचवा, सहावा. एक वाजता पेपर देऊन धावत सुटले आणि फोनसाठी न थांबता थेट एसटी पकडली.

घरी पोचले तेव्हा दारात चपलाच चपला होत्या. दुपारी दोनच्या सुमारास आत्या पाणी मागायला उठून बसली आणि तशीच कोसळली.

अकराला फोन गेला असता तर ती वाचली असती का? सांगता येत नाही. डॉक्टर म्हणून मला तेवढंच म्हणता येतं. तेराव्यानंतर मी कंपाउंडरला गाठलं. त्याने फळीवरचा डबा फिरवून माझ्यापुढे धरला. क्लोरोथायाझाइड. डॉक्टरकाका म्हणाले, "वय झालं होतं तिचं." या वेळी मी माफी मागितली नाही. काय काय बोलले ते लिहीत नाही, पण वडील पुन्हा कधी मला 'माफी माग' म्हणाले नाहीत.

पुढे मीही हाच विषय शिकवला, आणि माझ्या प्रश्नांत दुसऱ्या औषधाचं नाव कधी दिलं नाही. "सुजेसाठी पुड्या घेते," एवढंच. मुलं कुरकुरायची, "मॅडम, पुडीत काय ते दिलेलंच नाही." मी ओरडायचे, "मग विचारा ना! कोणी हसलं तरी विचारा!"

त्या टर्मिनलला तिसऱ्या प्रश्नात मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. प्रोफेसरांनी माझं उत्तर नमुना म्हणून वर्गात वाचून दाखवलं. दोन्ही औषधं ताबडतोब थांबवावीत. पोटॅशियम क्लोराइड पोटातून द्यावं. ते हाताशी नसेल तर तोवर शहाळ्याचं पाणी पाजावं.

शनिवारी आत्याने माझ्याकडे शहाळंच मागितलं होतं. मी म्हटलं होतं, "काका नको म्हणालेत."